वॉशिंग मशीनमध्ये गरम पाणी लावलं तर किती युनिट, गार पाण्यात किती, आणि ड्रायरचं काय? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आमच्याकडे सात किलोचं फ्रंट लोड आहे, पुण्यात, गच्चीवरच्या टाकीचं पाणी येतं. नणंदेकडे ठाण्याला वेगळा कंडेन्सर ड्रायर आहे. या दोन घरांत स्मार्ट प्लग लावून आणि मीटर बघून जे आकडे मिळाले त्यावरच खालची बहुतेक उत्तरं आहेत. तुमचं मशीन वेगळं असेल तर थोडं इकडेतिकडे होईल पण गणित तेच राहतं.

आधी एकदाच सांगून टाक, एका धुण्याला किती युनिट जातात?

साडेचार किलोच्या आसपास सुती कपडे, कॉटन प्रोग्राम. गार पाण्यात ०.२ युनिट. ४० डिग्रीला ०.५५. ६० डिग्रीला बरोबर १ च्या आसपास.

रुपयात बघायचं तर मी युनिटला १३ रुपये धरते (का ते पुढे येईलच), म्हणजे गार धुणं अडीच रुपये, ४० चं सात रुपये, ६० चं तेरा रुपये. आणि तेवढेच कपडे ड्रायरमध्ये वाळवले तर वर पंचवीस ते तीस रुपये. लोक गरम पाण्यावरून भांडतात आणि खरा खड्डा ड्रायरमध्ये असतो.

गार आणि गरम यात एवढा फरक का पडतो? मोटर तर तेवढीच फिरते ना?

मोटर तेवढीच फिरते, आणि ती फार काही खात नाही. ड्रम थोडा फिरतो, थांबतो, उलटा फिरतो, त्यामुळे धुताना सरासरी दीडशे वॉटच्या आसपास असते, शेवटी जोरात स्पिन होताना थोडा वेळ तीन-चारशेवर जाते. दीड तासाच्या धुण्यात हे सगळं मिळून ते ०.२ युनिट.

बाकी सगळं हीटर खातो. फ्रंट लोडच्या ड्रमखाली साधारण दोन हजार वॉटचा हीटर असतो. हिशोब असा, एक युनिटमध्ये ८६० लिटर-डिग्री, म्हणजे ८६० लिटर पाणी १ डिग्रीने तापेल किंवा ८६ लिटर १० डिग्रीने. आमचं मशीन धुण्यासाठी एका वेळी १४-१५ लिटर घेतं (खळबळायचं पाणी वेगळं, ते गारच असतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं). टाकीतलं पाणी २४ डिग्री आणि सेटिंग ४० म्हणजे १६ डिग्री चढवायचे. पाण्यासोबत कपडे आणि स्टीलचा ड्रमही तापतो, थोडी उष्णता बाहेर जाते, असं सगळं धरून ०.३५ युनिट. ६० ला चढ ३६ डिग्रीचा, म्हणून ०.८ युनिट. यात मोटरचे ०.२ मिळवले की वरचे आकडे आले.

म्हणून उन्हाळ्यात ४० चं धुणं जवळजवळ फुकट पडतं! एप्रिल-मे मध्ये दुपारी गच्चीच्या काळ्या टाकीचं पाणी नळालाच कोमट नाही तर चांगलं कढत येतं, विदर्भात तर विचारूच नका, हीटरला करायला काही उरतच नाही. डिसेंबरात सकाळी सहाला तेच धुणं लावलं तर पाणी १६-१७ डिग्री असतं आणि हीटरचा खर्च दीडपट होतो. दुपारी लावा, एवढंच.

हे मी घरी कसं तपासू? स्मार्ट प्लग नाहीये.

मीटरकडे जाऊन उभं राहा. मीटरवर एक लाल लाइट लुकलुकत असतो आणि शेजारी `3200 imp/kWh` असं काहीतरी छापलेलं असतं (आकडा तुमच्या मीटरचा बघा). म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रीजसुद्धा, तेवढा वेळ काही होत नाही त्याला.

मी खाली मीटर रूममध्ये, नवरा वर मशीनपाशी, फोन चालू. आधी नुसता ड्रम फिरत होता तेव्हा लाइट सात-आठ सेकंदांनी एकदा लागत होता, अगदी आळशी. मग एकदम टक टक टक, दोन सेकंदांत तीन-चार वेळा, आणि मी वर ओरडले "हीटर लागला!" तर नवरा म्हणतो मशीनवर तर काहीच बदललं नाही, तसंच फिरतंय. ४० डिग्रीला ते टकटक साधारण दहा मिनिटं चाललं आणि मग परत आळस. ६० ला चोवीस-पंचवीस मिनिटं. बाकी सव्वा तास मशीन जवळजवळ काहीच खात नाही हे तिथे डोळ्यांना दिसतं.

यावरून एक गोष्ट पकडता येते. तुम्ही 'कोल्ड' लावलंय आणि तरीही लाइट जोरात लुकलुकतोय, म्हणजे प्रोग्रामने स्वतःचं तापमान घेतलंय. हे खूप होतं, कारण कॉटन म्हटलं की कितीतरी मशीन आपणहून ४० किंवा ६० धरतात, आणि दरवेळी तापमानाचं बटन वेगळं दाबून खाली आणावं लागतं. माझी मैत्रीण तीन वर्षं समजत होती की ती गार धुतेय.

मीटरचं रीडिंग धुण्याआधी आणि नंतर बघूनही चालेल, पण डिस्प्लेवर दशांशाचं एकच घर असेल तर ०.२ चा काही पत्ता लागत नाही, मग चार-पाच धुण्यांचं मिळून बघा आणि भागा.

तीन तासांचा इको प्रोग्राम जास्त खात असेल ना? पाऊण तासाचा क्विक लावते मी.

नाही हो. वेळेचा आणि युनिटचा तसा संबंध नाही, तापमानाचा आहे. इको प्रोग्राम पाणी कमी तापवतो आणि त्याची भरपाई जास्त वेळ घोळवून करतो, आणि घोळवणं स्वस्त असतं हे वर बघितलंच. उलट क्विक प्रोग्राम ४० ला असेल तर त्यात दोन किलो कपड्यांसाठी जवळजवळ तेवढंच पाणी तापवलं जातं, म्हणजे किलोमागे खर्च जास्त. क्विक लावायचाच तर गार लावा.

आमचं टॉप लोड आहे, सेमी आहे, त्यात हीटर असतो का?

सेमी ऑटोमॅटिकमध्ये नाही. टॉप लोडमध्ये काही महागड्या मॉडेल्समध्ये असतो. तुमच्या मशीनवर तापमानाचे आकडे (३०, ४०, ६०) नसतील आणि नुसतं 'हॉट' असेल तर बहुधा ते मागच्या गरम पाण्याच्या नळाचं कनेक्शन आहे, मशीन स्वतः काही तापवत नाही.

पण एक लक्षात घ्या, टॉप लोडमध्ये कपडे पाण्यात बुडवावे लागतात, एका धुण्याला पन्नासेक लिटर सहज. तेवढं पाणी २५ वरून ४० वर न्यायचं तर नुसत्या पाण्यालाच ०.८७ युनिट. फ्रंट लोडमध्ये हेच काम ०.३५ मध्ये होतं. त्यामुळे "गरम पाण्याचं धुणं महाग" ही ओरड टॉप लोडवाल्यांच्या तोंडी खरी आहे, फ्रंट लोडवाल्यांच्या तोंडी तितकीशी नाही.

मग गीझरचं नाहीतर सोलरचं गरम पाणीच मशीनला जोडलं तर?

इलेक्ट्रिक गीझरचं जोडू नका, तोटा आहे. फ्रंट लोडला बहुतेक एकच नळ असतो, म्हणजे धुवायलाही गरम आणि तीनदा खळबळायलाही गरमच येणार. साठ लिटर पाणी वीस डिग्रीने तापवलं तर १.४ युनिट, आणि यातलं पाऊण पाणी निव्वळ खळबळून गटारात. मशीनच्या हीटरने तेच काम अर्ध्या युनिटच्या आत केलं असतं.

सोलरचं फुकटच आहे म्हणाल तर ठीक, पण आधी मशीनचं मॅन्युअल बघा, आत येणाऱ्या पाण्याचं कमाल तापमान लिहिलेलं असतं आणि काही मॉडेल्सना गार पाणीच चालतं. शिवाय कपड्यांवर पहिलंच पाणी कढत पडलं की रक्ताचे, दुधाचे, अंड्याचे डाग पक्के बसतात. मशीन हळूहळू तापवतं त्यात डागाला आधी गार पाणी मिळतं, ते बरं. सेमीवाल्यांची मात्र मजा आहे, सोलरची एक बादली टबात ओतली, वरून गार सोडलं, झालं काम.

गार पाण्यात कपडे स्वच्छ निघतात का पण? खरं सांगा.

रोजचे घामाचे, धुळीचे कपडे निघतात. आपलं 'गार' म्हणजे वर्षातले बरेच महिने पंचवीसच्या वर असतं, थंड देशातल्या हिवाळ्यातल्या नळासारखं बर्फगार नसतं, त्यामुळे तिकडचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. थंडीत पावडर नीट विरघळत नाही आणि काळ्या कपड्यांवर पांढरे ओरखडे राहतात, तेव्हा लिक्विड वापरा किंवा ३० वर लावा.

जिथे गरम लागतंच ते सांगते. स्वयंपाकघरातली तेलकट फडकी आणि हातपुसणी, तेल गारठलं की कपड्यातून सुटत नाही. घरात कोणाला धुळीच्या किड्यांची ॲलर्जी असेल तर चादरी-उशांचे अभ्रे, ते किडे मरायला ६० डिग्री लागतात, ४० ला मरत नाहीत. आजारी माणसाचे कपडे, बाळाचे लंगोट.

आणि खुद्द मशीन. वर्षभर फक्त गारच धुतलं की दाराच्या रबरात आणि ड्रमच्या मागे साबणाचा राखाडी गाळ साठतो, मग धुतलेल्या टॉवेललाच कुबट वास येतो आणि आपण पावडर बदलत बसतो. महिन्यातून एकदा रिकामं मशीन ६० ला किंवा ड्रम क्लीनला फिरवा, युनिट-दीड युनिट जाईल, जाऊ दे.

युनिटला १३ रुपये कुठून आणले? माझ्या बिलावर तर कमी दिसतो दर.

बिलावर तुम्ही फक्त 'वीज आकार' बघत असाल. त्यात वहन आकार मिळवा, इंधन समायोजन असेल तर ते, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार सोडून द्या, मशीन लावलं न लावलं तरी तो तेवढाच. १३ हा मी हिशोबाला घेतलेला गोल आकडा आहे, दर बदलत राहतात, तुम्ही तुमच्या बिलावरून काढा.

महत्त्वाचं म्हणजे सरासरी दर काढू नका. महावितरणचे घरगुती स्लॅब ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे चढत जातात. तुमचे पहिले शंभर युनिट फ्रीज, पंखे, दिव्यांनी आधीच संपवलेले असतात, त्यामुळे हीटरचा किंवा ड्रायरचा जादा युनिट तुमच्या सगळ्यात वरच्या स्लॅबच्या दराने मोजला पाहिजे.

आणि हो, "३०० च्या वर गेलं की सगळं बिल महाग दराने लागतं" हे खरं नाही, फक्त ३०० च्या पुढच्या युनिटांनाच तो दर लागतो. आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे दर महिन्याला सांगावं लागतं.

माझ्या सेमी ऑटोमॅटिकला ड्रायर आहेच की! तो पण एवढं खातो का?

तो ड्रायर नाही, स्पिनर आहे, आपल्याकडे सगळे त्याला ड्रायर म्हणतात म्हणून हा गोंधळ. तो कपडे गरगर फिरवून पाणी पिळून काढतो, तापवत काहीच नाही. पाच मिनिटांला ०.०२ युनिटसुद्धा नाही, वीस-पंचवीस पैसे. बिनधास्त वापरा, दोनदा फिरवा. खाली ज्याची चर्चा आहे तो गरम हवेचा ड्रायर, ज्यातून कपडे घडी घालायच्या अवस्थेत बाहेर येतात.

गरम हवेचा ड्रायर नक्की किती खातो?

आता हे जरा सविस्तर सांगते.

एक लिटर पाणी २५ वरून ६० वर न्यायला ०.०४ युनिट लागतं. तेच एक लिटर पाणी कपड्यातून वाफ करून उडवायला जवळजवळ ०.६५ युनिट, सोळा पट. हे निसर्गाचंच गणित आहे, कंपनी कुठलीही असो, हीटरवाल्या ड्रायरला यातून सुटका नाही. म्हणजे ड्रायरचं बिल कपड्यांच्या वजनावर नाही तर कपड्यांत शिल्लक राहिलेल्या पाण्यावर ठरतं.

ठाण्याला आम्ही मोजलं ते असं. बॅगा मोजायचा हुकवाला वजनकाटा असतो ना, त्याला चादरीची झोळी बांधली. कोरडे कपडे ४ किलो (टॉवेल, बनियन, दोन जीन्स, नणंदेच्या मुलाचे स्कूल युनिफॉर्म). धुऊन १००० आरपीएमला स्पिन केल्यावर ६.४ किलो, म्हणजे २.४ लिटर पाणी कपड्यांतच. ड्रायर लावला, स्मार्ट प्लगवर शेवटी २.३ युनिट. नुसती वाफ करायलाच १.५५ लागले असते, बाकीचं ड्रम फिरवण्यात, पंख्यात आणि खोली तापवण्यात गेलं, खोली खरंच तापली होती, दार उघडावं लागलं. १३ च्या दराने ३० रुपये.

दुसऱ्या दिवशी तसेच ४ किलो कपडे, पण स्पिन १४०० ला. वजन भरलं ६ किलो, पाणी २ लिटर. ड्रायर १.९ युनिट, २५ रुपये. जोरात स्पिन करायला मशीनने जास्तीचं घेतलं ०.०५ युनिटच्या आतबाहेर, म्हणजे साठ-सत्तर पैसे, आणि वाचले पाच रुपये. तिच्या मशीनवर स्पिन वर्षभर ८०० वर होतं, 'कपडे कमी चुरगळतात' म्हणून. ८०० ला साधारण कोरड्या वजनाच्या ७० टक्के पाणी कपड्यांत राहतं. मग चुरगळलेले कपडे चालतील की तीस रुपये, हे ज्याचं त्याने ठरवावं.

हीट पंप ड्रायर म्हणतात तो काय? खरंच कमी खातो?

हो, निम्मा किंवा त्याहून कमी. त्यात एसीसारखा कॉम्प्रेसर असतो, वाफेतली उष्णता तो परत पकडून पुन्हा कपड्यांना देतो, त्यामुळे वरचं ०.६५ चं गणित दरवेळी नव्याने भरावं लागत नाही. ४ किलोला १ युनिटच्या आसपास. वेळ जास्त लागतो, आणि फिल्टरमध्ये कपड्यांचा फुलोरा साठला तर आणखी जास्त, तो दर वेळी काढायचा.

घ्यावा का? एका लोडला समजा १५ रुपये वाचले. फक्त पावसाळ्यात आठवड्याला चार लोड असतील तर चार महिन्यांत सत्तर लोड, हजारभर रुपये. साध्या ड्रायरपेक्षा तो वीस-पंचवीस हजाराने महाग मिळत असेल तर आपल्यासारख्यांचे पैसे निघायला वीस वर्षं. बारा महिने रोज वापरणारं घर असेल तर गोष्ट वेगळी.

वॉशर-ड्रायर, एकातच दोन्ही?

जागा वाचते, वीज नाही. ८ किलो धुणारं मशीन वाळवतं ५ किलोच, म्हणजे धुऊन झालं की उठून अर्धे कपडे बाहेर काढायचे. नाही काढले तर चार तासांनंतरही कपडे दमट आणि युनिट मात्र पूर्ण गेलेले. पाच किलोच्या लोडला वाळवण्याचेच तीनच्या आसपास धरा. काही मॉडेल्स वाफ गार करायला नळाचं पाणी वापरतात, वाळवताना पाणी जातंय म्हणून मशीन बिघडलं असं समजून तक्रार करू नका, ते तसंच असतं. टँकर येणाऱ्या सोसायटीत मात्र घेण्याआधी हे विचारा.

पावसाळ्यात मग करायचं काय? कपडे तीन दिवस वाळत नाहीत.

स्पिन दोनदा, पूर्ण वेगाने. मग दांडीवर कपड्यांत चार बोटं अंतर ठेवून पंख्याखाली. साधा पंखा ७५ वॉटचा, आठ तासांचे ०.६ युनिट, आठ रुपये. बीएलडीसी असेल तर ०.२५, तीन रुपये. पंखा फक्त हवा हलवतो, वाफ करायची उष्णता खोलीच्या हवेतून फुकट मिळते, म्हणून एवढा स्वस्त. खिडकी किलकिली ठेवा, नाहीतर तोच दमटपणा खोलीत फिरत राहतो आणि भिंतीला बुरशी येते.

कोकणात, मुंबईत जुलैच्या झडीत हवाच इतकी ओली असते की नुसत्या पंख्याने जीन्स आणि टॉवेल अडून बसतात. नणंद आता असं करते, रात्रभर पंख्याखाली आणि सकाळी राहिलेले दमट कपडे वीस मिनिटं ड्रायरमध्ये. दोन लिटरमधलं दीड लिटर पंख्याने नेलेलं असतं, त्यामुळे ड्रायरला अर्ध्या-पाऊण युनिटमध्ये काम होतं.

दमट कपडे इस्त्री करून वाळवणाऱ्यांसाठी, ते पाणी इस्त्री वाफ करून उडवते, त्यालाही तेच लिटरला ०.६५ लागतात. शर्टाला हरकत नाही, जीन्स नको.

महिन्याचा फरक किती होईल? एकदा मांडून दाखवा.

महिन्याला १२ धुणी धरू. सगळी गार, २.४ युनिट. सगळी ४० ला, ६.६ युनिट. फरक ४.२ युनिट, पंचावन्न रुपये. आता याच बाराही धुण्यांना ड्रायर लावला, २.३ प्रमाणे २७.६ युनिट, जवळजवळ ३६० रुपये. आणि तुमचं घर आधीच २८५ युनिटवर असेल तर त्यातले बारा-तेरा युनिट ३०० च्या पुढच्या स्लॅबमध्ये पडतात, म्हणजे ३६० पेक्षाही जास्त.

मशीन बंद असताना पण खातं का?

अर्धा-एक वॉट. महिन्याला अर्धा युनिट. भिंतीवरचं बटन बंद करा, विषय संपला.

आधी ४० चं धुणं लवकर व्हायचं, आता तेच धुणं वीस मिनिटं जास्त घेतं. का?

बोअरचं पाणी आहे का? हीटरवर क्षाराचा पांढरा थर बसला असेल. थरातून उष्णता पाण्यात सावकाश जाते, हीटर आतल्या आत जास्त तापतो आणि सुरक्षेसाठी मधेमधे बंद होतो, म्हणून वेळ लांबतो. युनिटमध्ये फार फरक पडत नाही, पण एक दिवस हीटर जळतो आणि एमसीबी किंवा आरसीसीबी उडते. तेव्हा ओळखायची खूण अशी, गार पाण्यात मशीन व्यवस्थित चालतं आणि ४० लावलं की पाच मिनिटांत ट्रिप होतं. डिस्केलर पावडर दोन-तीन महिन्यांनी एकदा फिरवत जा.

एक्स्टेन्शन बोर्डवर चालेल का मशीन?

गार धुताना चालल्यासारखं वाटेल, तिथेच फसायला होतं. हीटर लागला की ९ अँपिअर, आणि ड्रायर असेल तर तासभर किंवा जास्त सलग तेवढेच. ६ अँपिअरच्या बारीक पिनेच्या बोर्डला ते झेपत नाही. माझ्या मावसभावाकडे सहा महिने सगळं गारच धुणं चालू होतं, पाहुणे आले म्हणून चादरी ६० ला लावल्या आणि पंधरा मिनिटांत बोर्ड वितळून प्लगला चिकटला, ओढून निघेना. १६ अँपिअरचा भिंतीतला सॉकेट घ्या, अर्थिंगसकट.

मी अमेरिकेत असते, इथे ड्रायर सगळेच लावतात, तिकडचा हिशोब इथे चालेल?

लिटरला ०.६५ तिथेही तेच. तुमचा इलेक्ट्रिक ड्रायर २४० व्होल्टचा, पाच हजार वॉटच्या आसपासचा असतो, लोडही मोठा असतो, त्यामुळे एका वेळी अडीच-तीन युनिट सहज जातात. धुण्याचं गरम पाणी मात्र बहुतेक घरांत वॉटर हीटरच्या टाकीतून येतं, मशीनच्या मीटरवर ते दिसणार नाही, टाकी गॅसवर असेल तर गॅसच्या बिलात शोधा. आणि ड्रायरची हवा बाहेर सोडणारा पाइप फुलोऱ्याने तुंबला असेल तर तेच कपडे दोनदा लावावे लागतात, एका सायकलमध्ये टॉवेल वाळेनासे झाले की आधी तो पाइप बघा.